दुसरीसाठी धारकतेचा पाठ: कप, बाटली, चमचा

प्रश्न: दुसरीच्या मुलांना पाण्याने धारकता कशी शिकवू? नोंदीचा कागद कसा आखू?

उत्तर: एका गटात चार मुलं, एक परात, पाण्याची छोटी बादली, नरसाळं आणि पुसायला फडकं. प्रत्येक गटाला 200 मिलीचा कप आणि 1 लिटरची बाटली द्या. चमच्याने बाटली भरायला लावू नका. औषधाच्या 5 मिलीच्या चमच्याने ती भरायला 200 चमचे लागतात, मुलं मोजणी विसरतात. चमचा 60 मिलीच्या छोट्या वाटीसाठी ठेवा, 12 चमच्यांत काम होतं.

नोंदीच्या कागदावर चार रकाने पुरेत: भांड्याचं चित्र, कशाने मोजलं, माझा अंदाज, मोजून आले. एक ओळ अशी भरेल: बाटली, कप, 8, 5. अंदाज पेनने आणि पाणी ओतण्याआधीच लिहून घ्या, नाहीतर उत्तर कळल्यावर मुलं तो हळूच खोडून बदलतात. प्रत्येक कपाला एक उभी रेघ मारायची, मग मोजणी चुकत नाही.

एकाच बाटलीला एका गटाचे 5 आणि दुसऱ्याचे 7 कप आले, तर बहुधा कप अर्धवट भरलेत किंवा पाणी सांडलंय. कप प्रत्येक वेळी एकाच खुणेपर्यंत भरायचा. परातीत किती पाणी साचलंय तेही दाखवा. शेवटचा कप पूर्ण मावला नाही, तर ‘4 पेक्षा जास्त, 5 पेक्षा कमी’ एवढं लिहिलेलं चालेल.

शेवटी उंच, अरुंद ग्लास आणि बसका वाडगा शेजारी ठेवा. बहुतेक मुलं उंच ग्लासाकडेच बोट दाखवतात. वाडग्यात जास्त मावतं हे आधी स्वतः तपासा, मग मुलांना ग्लासभर पाणी त्यात ओतू द्या.