छायाचित्रातील चेहऱ्यावर मिशी-दाढी चढवताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

आमच्या नाटकाच्या जाहिरातीसाठी नायकाचे छायाचित्र काढले तेव्हा त्याला मिशी नव्हती. आता पिळदार मिशी हवी आहे. दुसऱ्या एका छायाचित्रातून चांगली मिशी कापून घेतली, आडवी दाबून बसवली, तरीही ती चिकटवल्यासारखी दिसते. नायकाने मान डावीकडे वळवलेली आहे. काय चुकते आहे? (सदाशिव पेठ)

आपण मिशी आडवी दाबलीत, तेथेच अडचण सुरू होते. वरचा ओठ सपाट नसतो. तो दातांच्या कमानीवर बसलेला असतो, म्हणजे समोरून पाहिले तर तो एका गोलाव्यावर गुंडाळलेला भाग आहे. मान वळली की या गोलाव्याची अलीकडची बाजू आपल्याकडे उघडते आणि पलीकडची बाजू दूर वळते. त्यामुळे मिशीचे दोन्ही अर्धे भाग सारख्या प्रमाणात आखूड होत नाहीत. समजा, समोरून घेतलेल्या छायाचित्रात नाकाखालच्या खाचेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत प्रत्येक बाजूला 160 पिक्सेल अंतर आहे. मान सुमारे 35 अंश वळल्यावर अलीकडच्या बाजूचे अंतर साधारण 165 पिक्सेल, म्हणजे जवळजवळ तेवढेच राहते आणि पलीकडचे मात्र 100 पिक्सेलच्या आसपास येते. संपूर्ण मिशी एकाच प्रमाणात दाबली की अलीकडची बाजू विनाकारण तोकडी होते आणि पलीकडची बाजू चेहऱ्याच्या कडेपर्यंत लांबते. पाहणाऱ्याला नेमके कारण सांगता येत नाही, पण मिशी आणि चेहरा दोन वेगळ्या दिशांना पाहत आहेत हे त्याला लगेच जाणवते.

म्हणून प्रथम फोटोशॉपमध्ये एका रिकाम्या थरावर चेहऱ्याची मध्यरेषा आखावी. ती दोन भुवयांच्या मधून निघते, नाकपुड्यांमधल्या पडद्यावरून वरच्या ओठाच्या खाचेत उतरते आणि हनुवटीच्या मध्यावर संपते. वळलेल्या चेहऱ्यावर ही रेषा सरळ नसून वक्र असते. दुसरी रेषा ओठांच्या दोन कोपऱ्यांना जोडणारी काढावी, कारण मान कलली असेल तर मिशीचा कल याच रेषेवरून कळतो. त्यानंतर आणलेली मिशी खाचेपाशी मधोमध कापून तिचे दोन थर करावेत आणि प्रत्येक अर्धा भाग आपापल्या मोजलेल्या अंतरात बसवावा. पलीकडच्या अर्ध्या भागावर `Edit > Transform > Warp` वापरून बाहेरचा उभा पट्टा आतल्या पट्ट्यापेक्षा अधिक दाबावा. गोलावा दूर वळतो तेथे केस एकमेकांच्या जवळ आलेले दिसतात आणि हा दाटपणा दाखवल्याशिवाय मिशी ओठाभोवती वळत नाही.

पिळदार मिशीत आणखी एक बारकावा आहे. टोकाकडचा पीळ त्वचेवर टेकलेला नसतो. तो ओठाचा कोपरा ओलांडून हवेत उभा असतो. म्हणून गालाचा गोलावा त्याला लागू करू नये. पलीकडचे टोक बहुधा गालाच्या कडेबाहेर जाते आणि त्याच्यामागे पार्श्वभूमी दिसते, त्यामुळे मास्क करताना ते टोक गालाच्या कडेला कापले जाणार नाही याची काळजी घ्यावी. गालाच्या कडेशी नेमके जुळवून संपवलेले टोक हे कृत्रिमपणाचे सर्वांत ठळक लक्षण आहे.

मूळ मिशीबरोबर आलेली त्वचा काढण्यासाठी तो थर `Multiply` पद्धतीत ठेवून `Curves` ने त्वचेचा रंग पांढऱ्याच्या जवळ न्यावा, म्हणजे गडद केस तेवढे उरतात. या पद्धतीची मर्यादा अशी की ती केवळ त्वचेपेक्षा गडद केसांना चालते. पांढरी किंवा करडी मिशी हवी असेल, तर काळ्या पार्श्वभूमीवरचे केस घेऊन `Screen` वापरावे लागते.

मी पेन टॅब्लेटवर ब्रशने एकेक केस काढून दाढी रंगवतो. जवळून केस चांगले वाटतात, पण पूर्ण चेहऱ्यावर दाढी गवतासारखी उभी दिसते. केसांची जाडी किती ठेवावी आणि दिशा कशी ठरवावी? (कोथरूड)

जाडी अंदाजाने न ठरवता मोजून काढता येते. प्रौढ पुरुषाच्या चेहऱ्याची रुंदी गालांच्या हाडांपाशी ढोबळमानाने 14 सेंटीमीटर असते. आपल्या छायाचित्रात ती रुंदी 1400 पिक्सेल असेल, तर एक पिक्सेल म्हणजे 0.1 मिलिमीटर झाला. दाढीचा केस साधारण तेवढाच किंवा थोडा अधिक जाड असतो, म्हणजे अशा चित्रात एक ते दोन पिक्सेलचा ब्रश पुरतो. चेहरा 700 पिक्सेल रुंद असेल तर सुटा केस एका पिक्सेलपेक्षाही बारीक होतो. तेथे प्रत्येक केस काढू नये. रंगाची घनता आणि कडेचे मोजके केस एवढेच दाखवावे. गवतासारखी दिसणारी दाढी बहुतेक वेळा चार-पाच पिक्सेलच्या ब्रशने काढलेली असते.

दिशेचा विचार मुळापासून करावा. नाकाच्या बरोबर खाली केस जवळजवळ सरळ खाली येतात आणि ओठाच्या कोपऱ्याकडे जाता जाता बाहेरच्या बाजूला कलतात. कल्ल्यापासून गालावर ते मुख्यतः खाली उतरतात. खालच्या ओठाखाली मध्यभागी केसांचा लहान झुबका असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बहुतेक पुरुषांत विरळ जागा राहते; ती भरून टाकली की चेहरा मुखवट्यासारखा होतो. गळ्यावर मात्र ठरलेली एक दिशा नसते. तेथे केस अनेकदा आडवे किंवा वरच्या दिशेने वाढतात. व्यक्तीने छायाचित्राच्या वेळी नुकतीच दाढी केली असेल आणि जाड रंगभूषा नसेल, तर `Channels` मध्ये केवळ `Red` पाहावे. त्या चॅनेलमध्ये त्वचा उजळ दिसते आणि खुंटांची निळसर छटा गडद उठून दिसते. दाढी कोठे सुरू होते आणि कोठे विरळ होते याचा त्या व्यक्तीच्याच चेहऱ्यावरचा हा नकाशा कोणत्याही तयार नमुन्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो.

केस काढण्याचा क्रम रंगभूषाकारांकडून घ्यावा असे मी आग्रहाने सुचवेन. स्पिरिट गमने सुटे केस लावून दाढी बनवताना ते हनुवटीच्या खालून सुरुवात करतात आणि एकेक ओळ वर चढत जातात, म्हणजे वरच्या ओळीची टोके खालच्या ओळीची मुळे झाकतात. ब्रशनेही हाच क्रम पाळावा. रेघ मुळाकडून टोकाकडे ओढावी, `Shape Dynamics` मध्ये जाडीचे नियंत्रण `Pen Pressure` वर ठेवावे आणि हात उचलता उचलता रेघ निमुळती होऊ द्यावी. हे सर्व सुरू करण्यापूर्वी तळाशी तपकिरी छटेचा एक पुसट, मऊ थर द्यावा. दाट दाढीत आत जी अंधुक पोकळी दिसते ती या थरातून येते. केवळ सुट्या रेघांमधून त्वचा उजळ डोकावत राहते आणि गवताचा भास होतो.

वाड्याच्या खिडकीतून एका बाजूने येणाऱ्या उजेडात वडिलांचे छायाचित्र घेतले आहे. त्यावर दाढी बसवली की ती काळ्या ठिगळासारखी दिसते. उजेड कसा जुळवावा? (कसबा पेठ)

ठिगळ दिसण्याचे पहिले कारण काळा रंग हेच असते. छायाचित्रात केस शुद्ध काळे क्वचितच असतात. भुवईचा उजेडातला आणि सावलीतला असे दोन रंग उचलावेत आणि दाढी त्या दोहोंच्या दरम्यान ठेवावी. अनेकांच्या दाढीत डोक्याच्या केसांपेक्षा किंचित तांबूस झाक असते, ती थोडीशी मिसळायला हरकत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. दाढीला घनता असते, म्हणून उजेड तिच्यावर हनुवटी किंवा गालावर पडतो तसाच एका आकारावर पडतो. खिडकी डावीकडे असेल तर दाढीची डावी बाजू उजळ, समोरचा भाग मध्यम आणि उजवी बाजू गडद व्हायला हवी. हे करण्यासाठी दाढीच्या थरावर 50 टक्के करड्या रंगाचा, `Soft Light` पद्धतीचा थर जोडून ठेवावा आणि त्यावर मऊ ब्रशने उजेड-सावली द्यावी. केसांवरची चमक मात्र वेगळी असते. ती एका ठिपक्यात न दिसता केसांच्या दिशेला आडवा असा पट्टा बनून दिसते. मिशीचे केस तिरपे खाली उतरत असतील, तर चमकेचा पट्टा त्यांना छेदून जातो. हा पट्टा सलग रंगवू नये. त्या जागी येणाऱ्या काही केसांचे तेवढेच तुकडे उजळ करावेत.

तिसरी गोष्ट म्हणजे दाढीने त्वचेवर टाकलेली सावली. तिची दिशा नाकाच्या सावलीवरून घ्यावी. मुळांपाशी ती गडद आणि अरुंद, तर दूर जाताना पसरट आणि मऊ असते, आणि तिचा रंग काळा नसून त्वचेचाच गडद तांबूस-तपकिरी असतो. जबड्याची गळ्यावर पडलेली मूळ सावलीही तपासावी, कारण दाढी जबड्याच्या खाली उतरली की सावलीची कडही खाली सरकायला हवी. जुनी कड तशीच राहिली तर दाढीतून जबडा आरपार दिसतो. दाढीचा नमुना दुसऱ्या छायाचित्रातून घेतला असेल आणि त्यातला उजेड उलट बाजूने असेल, तर तो नमुना आडवा उलटवावा. वडिलांचा चेहरा उलटवू नये, कारण ओळखीचा चेहरा उलटा झाला की घरच्यांना तो परका वाटतो.

काम झाल्यावर चित्र बोटभर आकाराचे आणि कृष्णधवल करून पाहावे. त्या आकारात सुटे केस दिसत नाहीत, उजेडाची रचना तेवढी उरते. दाढी तेथेही वेगळी सुटून दिसली तर दोष केसांत नसून छटांत आहे.

नाट्यगृहात पहिल्या रांगेतून, म्हणजे रंगमंचाच्या खालून घेतलेल्या छायाचित्रावर मिशीचा आकडा कसा वळवावा? (टिळक रस्ता)

खालून पाहिलेल्या चेहऱ्यावर सर्व आडव्या रेषा कमानीसारख्या होतात. मधला भाग वर आणि टोके खाली. ओठांची मधली रेघही तशीच वाकलेली दिसेल, तिलाच प्रमाण मानून मिशीचा पाया वाकवावा आणि मगच आकडे वर उचलावेत. मान खाली घातलेल्या चेहऱ्यावर नेमके उलट होते, मधला भाग खाली झुकतो आणि टोके वर जातात. खालून घेतलेल्या चित्रात मिशीची खालची बाजू आपल्यासमोर येते, म्हणून वरच्या ओठाचा बराच भाग उघडा दिसायला हवा. नाकपुड्यांच्या खालची जागा मात्र तेवढी आक्रसत नाही, कारण ती आपल्याकडेच वळलेली असते. रंगमंचावर उजेड बहुधा वरून येत असल्याने मिशीची ही दिसणारी बाजू सावलीतली असते, तेव्हा चमकेचा पट्टा तिच्या वरच्या कडेलाच ठेवावा.

आजोबांच्या जुन्या कृष्णधवल छायाचित्राची स्कॅन केलेली प्रत आहे. त्यात मिशी जोडली तर ती फार नवी दिसते. (नारायण पेठ)

जुन्या प्रतीत मूळ चित्राची धूसरता आणि कागदाचा रवा दोन्ही असतात. मिशी आधी किंचित धूसर करावी आणि त्यानंतर तिच्यावर रवा घालावा. क्रम उलटा झाला तर रवाही धूसर होतो. धूसरता किती ठेवावी हे पापण्यांवरून ठरवावे. पापण्यांचे केस सुटे दिसत नसतील तर मिशीतही एकही केस सुटा दिसता कामा नये. मिशीची सर्वांत गडद छटा डोळ्यांच्या बाहुल्यांपेक्षा गडद ठेवू नये, कारण विटलेल्या प्रतीत खरा काळा रंग उरलेलाच नसतो. मूळ स्कॅन वेगळा जपून ठेवावा आणि मिशी जोडलेल्या प्रतीच्या मागे तसे लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या पिढीला कोणते छायाचित्र अस्सल आहे हे कळेल.