'असतं तर' कुठपर्यंत चालतं?

प्रश्न: इतिहासाच्या उत्तरात 'जर-तर' आलं की सर कल्पनाविलास म्हणून मार्क कापतात. मग कारण तपासायला 'असतं तर... नसतं' अशी वाक्यं वापरायचीच नाहीत का?

वापरा की, पण 'तर'च्या पुढे काय लिहिताय ते नीट बघा. पहिलं महायुद्ध घेऊ. २८ जून १९१४ ला सारायेव्होत सकाळी बाँब फुटल्यावर ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याचा रस्ता बदलायचं ठरलं, पण ते ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नाही, तो जुन्या वळणावर वळला, गाडी थांबवली आणि नेमका तिथंच मारेकरी प्रिन्सिप उभा, त्यानं गोळ्या झाडून त्याला मारलं. आता 'ड्रायव्हरला निरोप मिळाला असता तर' हे 'जर' मला चांगलं वाटतं, कारण बदल अगदी छोटा आहे आणि त्या दिवशी सहज होण्यासारखा होता.

पुढे दोन वाक्यं करून बघा. 'तर त्या जुलैत ऑस्ट्रियानं सर्बियावर युद्ध पुकारलं नसतं' आणि 'तर महायुद्ध झालंच नसतं'. पहिल्याला पुरावा आहे. १९१३ मध्ये सेनाप्रमुख कॉनराड सर्बियावर हल्ला करू म्हणून मागे लागला होता तेव्हा विरोध करणाऱ्यांत खुद्द फर्डिनांडच होता, त्याला रशियाशी युद्ध नको होतं. म्हणजे हत्येनं युद्धाला निमित्त दिलं आणि शिवाय युद्ध अडवणारा माणूसही गेला, आणि हे 'जर' विचारल्याशिवाय चटकन लक्षात येत नाही. दुसऱ्या वाक्यातला तो 'च' मात्र पुढच्या सगळ्या वर्षांची हमी देतो, आणि तशी हमी देणारा कागद कुठल्याच दप्तरात नाही. तिथं थांबायचं.

एक 'जर' पुरत नाही, दुसरंही लावून बघावं. हत्या झालीच, पण ५-६ जुलैला जर्मनीनं ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचा शब्द दिला नसता तर? सम्राट फ्रान्झ योझेफला आधी जर्मनीचं मत हवं होतं, त्याच साम्राज्यातल्या हंगेरीचा पंतप्रधान तिसा तर सुरुवातीला युद्धाच्या विरोधातच होता, त्यामुळे २३ जुलैचा सर्बियाला पाठवलेला तो कडक निर्वाणीचा खलिता तसाच गेला नसता असं म्हणायला जागा आहे. मित्रराष्ट्रांचे गट आणि शस्त्रस्पर्धा १९१२-१३ च्या बाल्कन पेचातही होत्याच, तरी तेव्हा मोठं युद्ध पेटलं नाही, म्हणून नुसत्या त्यांच्यावर सगळं ढकलता येत नाही.

आणि उत्तराचं शेवटचं वाक्य 'असतं-नसतं'त ठेवू नका, साध्या भूतकाळात आणा, म्हणजे असं: 'हत्येनं युद्धाची वेळ ठरवली आणि विरोध कमकुवत केला, जर्मनीच्या पाठिंब्यानं ऑस्ट्रियाला धोका पत्करायचं बळ दिलं.' 'जर' हा तपासणीचा भाग, मार्क या वाक्याला मिळतात.