आवाज फुटतो म्हणजे घशात नेमकं काय होतं?

प्रश्न: माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, शाळेच्या गायनवृंदात गातो. दोन महिन्यांपासून बोलता बोलता आवाज मध्येच चिरकतो. घसा बिघडलाय की वयामुळे? आवाज तयार कसा होतो आणि याच वयात जाड का होतो?

उत्तर: मी कोल्हापुरात स्पीच थेरपिस्ट आहे. तुम्ही सांगताय त्यावरून हे वयाचंच दिसतंय.

कंठमण्यावर बोट ठेवा आणि आधी लांब 'स्स्स' म्हणा, मग 'म्म्म'. दुसऱ्या वेळी बोटाला थरथर जाणवेल. कंठमण्याच्या मागे, श्वासनलिकेच्या तोंडाशी, मऊ आणि ओलसर अशा दोन घड्या आडव्या असतात. त्याच स्वरतंतू. नुसता श्वास घेताना त्या उघड्या असतात. बोलायचं म्हटलं की जवळ येतात, खालून फुप्फुसातली हवा दाबते, त्या उघडतात, हवा सुटते आणि लगेच पुन्हा मिटतात. दहा वर्षांच्या मुलात हे सेकंदाला साधारण २५० वेळा होतं, बाईमाणसात २०० च्या आसपास, पुरुषात १०० ते १३०. ही नुसती भुणभुण असते. घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळीत घुमून तिचा आपल्या ओळखीचा आवाज होतो.

वयात येताना मुलाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि स्वरयंत्राची कूर्चा झपाट्यानं मोठी होते. ती पुढच्या बाजूला वाढते, म्हणून कंठमणी वर दिसायला लागतो. तिच्या आत ताणून बसलेल्या स्वरतंतूंनाही लांब व्हावं लागतं. पुरुषाचे साधारण पावणेदोन ते अडीच सेंटिमीटर होतात, बायकांचे सव्वा ते पावणेदोन. ते जाडही होतात. लांब आणि जाड घडी सावकाश हलते, म्हणून मुलाचा आवाज जवळपास एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण पेटीच्या तीनेक पट्ट्यांनीच, त्यामुळे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

चिरकणं मात्र नुसत्या लांबीमुळे होत नाही. स्वरतंतू दोन तऱ्हांनी हलतात: पूर्ण जाडीनं हलले की भरीव आवाज येतो, नुसत्या कडा हलल्या की बारीक. कोणत्या स्वराला किती ताण द्यायचा हे मुलाच्या स्नायूंच्या जुन्या सवयीत बसलेलं असतं. महिन्या-दोन महिन्यांत माप बदललं की तोच ताण चुकीचा ठरतो आणि वाक्याच्या मध्येच आवाज एका तऱ्हेतून दुसरीत उडी मारतो. काही मुलांत मागच्या बाजूला थोडी फट राहते, तिथून हवा निसटते आणि आवाज घोगरा, पोकळ लागतो. बहुतेकांचं काही महिन्यांत, फार तर वर्षभरात बसतं.

क्वचित मात्र स्वरयंत्र मोठं होतं आणि सवय जुनीच राहते. तालमीतला एक पोरगा माझ्याकडे आला होता. वय १८, दाढी आलेली, आवाज चौथीतल्या मुलासारखा. फोनवर सगळे त्याला 'ताई' म्हणायचे, म्हणून त्यानं फोन उचलणंच सोडलं होतं. कान-नाक-घसा डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं तर स्वरतंतू पूर्ण वाढलेले. मी त्याला खोकायला सांगितलं. खोकला भरदार, पुरुषी. म्हणजे यंत्र तयार होतं. मग 'आ' लावायला सांगून कंठमणी बोटानं हलकेच मागे दाबला. त्यानं स्वरतंतूंचा ताण सैल होतो. आवाज धाडकन खाली आला, तो दचकून माझ्याकडे बघत राहिला. पुढं खोकल्याच्या शेवटी तोच सूर 'म्म्म'वर धरायचा, मग 'मामा', 'माती' असे शब्द, मग वाक्यं, मग पेपर वाचणं. काही आठवड्यांत तो त्याच आवाजात बोलायला लागला. हे दाबणं घरी करून बघू नका.

तुमच्या मुलाला आत्ता अशा उपचाराची गरज नाही. गाणं बंद करू नका, पट्टी बदला. काळी पाचमध्ये गात असेल तर त्याच पट्टीत ताणून गायला लावू नका. गुरुजींना आज जिथं सहज लागतं तिथं सा धरायला सांगा. दर काही आठवड्यांनी तो आणखी खाली सरकेल. पुढं काळी एकच्या आसपास स्थिरावला तर नवल नाही. वरच्या स्वरांसाठी जोर लावू देऊ नका.

शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीमसाठी ओरडून आल्यावर बसलेला आवाज ही वेगळी गोष्ट आहे. तिथं स्वरतंतू सुजलेले असतात. दोन-तीन दिवस गप्प राहणं आणि भरपूर पाणी, एवढ्यानं तो सुटायला हवा. चिरकणं येतं-जातं, पण सतत एकसारखा बसलेला आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, गिळताना दुखलं किंवा श्वासाला आवाज येत असेल, तर वयावर ढकलू नका, दुर्बिणीनं घसा बघून घ्या. आणि १४ पूर्ण होऊनही वयात आल्याची कुठलीच खूण दिसली नाही, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.