मामांच्या 22 सौद्यांचा हिशेब

प्रश्न: शेअर जरा वर गेला की मी लगेच विकून टाकतो, आणि तोट्यातले वर्षभर तसेच पडून असतात. माझं नक्की कुठे चुकतंय?

वडोदऱ्यात मी लोकांचे टॅक्सचे हिशेब करतो, त्यामुळे अशी खाती बरीच बघितली. नीट मोजलं मात्र दांडिया बाजारातल्या मामांचं. ते सांगायचे, "अरे, 22 वेळा विकलं, 18 वेळा नफा!" खोटं नव्हतं ते.

मग त्यांनी ज्या ज्या दिवशी काही विकलं, त्या त्या दिवशी खात्यात आणखी काय होतं तेही मांडलं. नफ्यातला शेअर विकायची संधी 60 वेळा होती, 18 वेळा विकला, म्हणजे 30 टक्के. तोट्यातला विकायची संधी 50 वेळा, विकला 4 वेळा, म्हणजे 8 टक्के. ही मोजायची रीत गुंतवणूकदारांच्या सवयींचे अभ्यासक टेरन्स ओडीन यांची. 1998 सालच्या अभ्यासात त्यांनी अमेरिकेतली 10,000 खाती तपासली, तेव्हा हे आकडे 14.8 आणि 9.8 टक्के निघाले होते. त्या खात्यांतले विकलेले नफ्यातले शेअर, धरून ठेवलेल्या तोट्यातल्यांपेक्षा पुढच्या वर्षभरात सरासरी जास्त चालले, हे त्याहून बोचरं. एका खात्यावरून सिद्धांत निघत नाही, पण मामांचा कल लपत नव्हता.

तोटा 'बुक' केला की तो खरा होतो, म्हणून आपण टाळतो, इथवर सगळ्यांनाच ठाऊक असतं. मला गंमत पुढची वाटते. तोटे विकलेच नाहीत, तर विक्रीच्या यादीत विजयच उरतात. त्या 18-4च्या यादीवरून मामांना वाटायला लागलं की आपल्याला बाजार कळतो, आणि सौदे वाढले. 6 लाखांच्या भांडवलावर वर्षात 24 लाखांची खरेदी आणि जवळपास तेवढीच विक्री! डिलिव्हरीवर एसटीटी हा सौद्यावरचा कर दोन्ही बाजूंना 0.1 टक्का, म्हणजे साधारण 4,800 रुपये नुसते त्यातच गेले, ब्रोकरेज वेगळं. बार्बर आणि ओडीन यांच्या 2000 सालच्या अभ्यासात सर्वाधिक उलाढाल करणाऱ्या घरांना वर्षाला 11.4 टक्के मिळाले, बाजाराने 17.9 दिले होते.

मामांचा एक शेअर 610ला घेतलेला, दहा महिन्यांनी 380वर. 100 शेअर. "अजून 100 घेतो, सरासरी 495वर येईल," म्हणाले. मी विचारलं, "मामा, हा तुमच्याकडे नसता, तर आज 380ला घेतला असता?" बराच वेळ चहाच ढवळत बसले. मग म्हणाले, "नसता घेतला."

मार्च उजाडला होता. त्याच वर्षीचा अल्पकालीन नफा होता, त्यावर 20 टक्के कर. 23,000चा तोटा त्यातून वजा केल्याने 4,600 रुपये वाचले. विकायला तयार झाले ते याच आकड्यामुळे, माझ्या प्रश्नामुळे नव्हे.

तुमच्या यादीतही आधी न विकलेले तोटे घाला, आजच्या भावाने. कंपनीचा धंदा चांगला चालला असेल तर खुशाल धरा. खरेदीचा भाव मात्र झाकून ठेवून ठरवा.