मॅन्डेट अजून ‘पेंडिंग’ आहे, मग पहिला हप्ता आपोआप कटेल का?

प्रश्न: चोपड्याच्या शोरूममधून फायनान्सवर मोटरसायकल घेतली. हप्ता ३,४५० रुपये, पहिला हप्ता ५ तारखेला आहे. ऑटोपेच्या फॉर्मवर सही केली होती, पण अ‍ॅपमध्ये अजून मॅन्डेट पेंडिंग दिसतंय. खात्यात पैसे ठेवलेत. आपोआप कटतील ना? आणि स्वतः भरले तर डबल कटतील का?

उत्तर:

मॅन्डेट म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायला तुम्ही दिलेली परवानगी. ते पेंडिंग असेपर्यंत खात्यात लाखभर रुपये असले तरी हप्ता आपोआप कटत नाही. तारखेच्या दोन दिवस आधीही ते ‘अ‍ॅक्टिव्ह’ झालं नाही, तर पहिला हप्ता स्वतः भरा. मात्र भरण्याआधी फायनान्स कंपनीला एक गोष्ट विचारायची आहे. ती पुढे सांगतो, कारण डबल कटणं तिच्यावरच अवलंबून आहे.

तुम्ही सही केलेला कागद आधी शोरूममधून फायनान्स कंपनीकडे जातो. कंपनीची बँक त्याची स्कॅन केलेली प्रत एनपीसीआयच्या ‘नॅच’ या बँकाबँकांमधल्या वसुलीच्या यंत्रणेत टाकते आणि तिथून ती तुमच्या बँकेकडे येते. तुमच्या बँकेतला कर्मचारी खातं, नाव आणि सही जुळवून ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ असा शेरा देतो. हा शेवटचा शेरा आला की मॅन्डेट नोंदलं गेलं. त्याआधीच्या सगळ्या अवस्था अ‍ॅपमध्ये बहुतेक वेळा एकाच ‘पेंडिंग’ या शब्दाखाली दिसतात. त्यामुळे कागद अजून शोरूमच्या ड्रॉवरमध्ये आहे की तुमच्या बँकेत येऊन पडलाय, हे त्या शब्दावरून कळत नाही.

इथे खूप जण एका गोष्टीत फसतात. कंपनीकडून एक मॅन्डेट क्रमांक येतो, त्याला `UMRN` म्हणतात, आणि तो आला म्हणजे काम झालं असं वाटतं. तसं नाही. यंत्रणेत मॅन्डेट दाखल झालं की हा क्रमांक पडतो, तुमच्या बँकेने ते अजून पाहिलेलंही नसतं. नामंजूर झालेल्या मॅन्डेटलाही हा क्रमांक असतो. पण तो आहे म्हणजे कागद निदान शोरूममधून पुढे सरकलाय, एवढं कळतं. म्हणून कस्टमर केअरला ‘मॅन्डेट झालं का’ असं मोघम विचारू नका. ‘यूएमआरएन पडला का? पडला असेल तर माझ्या बँकेचं उत्तर आलं का? नामंजूर असेल तर कारण काय?’ असं नेमकं विचारा. यूएमआरएन पडलाच नसेल, तर तुमच्या बँकेच्या शाखेत चकरा मारून उपयोग नाही. अडलेलं काम शोरूमच्या किंवा फायनान्सच्या टोकाला आहे.

वेळ किती लागतो? नेटबँकिंग किंवा डेबिट कार्डावरून केलेलं ई-मॅन्डेट सहसा एक-दोन दिवसांत नोंदलं जातं. कागदी फॉर्मला दोन-तीन आठवडे धरून चाला. तुमचा फॉर्म सहीचा आहे, म्हणजे कागदी.

एक उदाहरण तारखा लावून बघू. समजा घटस्थापनेच्या मुहूर्तावर, २२ सप्टेंबर २०२५ ला, गाडी घेतली आणि फॉर्म भरला. पहिला हप्ता ५ ऑक्टोबरला. कॅलेंडरवर तेरा दिवस दिसतात. पण २७ ला चौथा शनिवार, २८ ला रविवार आणि २ ऑक्टोबरला गांधी जयंती व दसरा एकाच दिवशी. बँकेचे कामकाजाचे दिवस उरतात नऊ. शोरूमने सणाच्या गर्दीत सगळे फॉर्म गठ्ठ्याने पाठवले, तर त्या नऊतले तीन-चार दिवस तिथेच गेले. उरलेल्यात तुमच्या बँकेचं उत्तर ३० तारखेला ‘सही जुळत नाही’ असं आलं, तर नवा फॉर्म ५ तारखेपर्यंत पार पडणं शक्यच नाही. आणि ५ ऑक्टोबरला रविवार होता म्हणून सूट मिळेल असंही नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच सुट्टीच्या दिवशीही चालतं, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह मॅन्डेटचा हप्ता रविवारीही कटतो आणि खात्यात पैसे नसतील तर रविवारीच बाऊन्स होतो.

नामंजुरीच्या कारणांत सही सगळ्यात पुढे. आपल्याकडे बऱ्याच जणांचं खातं कॉलेजात असताना किंवा वडिलांनी उघडून दिलेलं असतं, तेव्हाची सही मराठीत आणि आता गाडीच्या कागदांवर इंग्रजीत. बँक जुळवते ती स्वतःच्या रेकॉर्डवरची सही, आधार-पॅनवरची नाही. शाखेत जाऊन ‘माझी नोंदलेली सही दाखवा’ म्हणा. बदललेली असेल तर आधी तिथे नवी सही नोंदवून घ्या आणि मगच मॅन्डेटचा नवा फॉर्म भरा. उलट क्रमाने केलं, तर दुसरा फॉर्मही परत येईल. खातं जोडनावाचं असेल आणि व्यवहार दोघांच्या सहीने चालत असेल, तर एकट्याची सही चालत नाही.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे जुनं पासबुक. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली, कॉर्पोरेशन आणि आंध्रा बँक १ एप्रिल २०२० ला युनियन बँकेत गेल्या. घरात मात्र पासबुक जुनंच असतं आणि फॉर्मवर जुना आयएफएससी उतरवला जातो, उदाहरणार्थ देना बँकेचा `BKDN` ने सुरू होणारा. त्याचा नवा कोड `BARB` ने सुरू होतो, आणि विलीनीकरणात काही बँकांचे खाते क्रमांकही बदललेत. कोड आणि क्रमांक नेटबँकिंगमधून किंवा नव्या चेकवरून घ्या. बरेच दिवस व्यवहार नसलेलं किंवा केवायसी अडकलेलं खातंही नामंजूर होतं. कापसाचे किंवा केळीचे पैसे वर्षातून एकदा-दोनदा येतात आणि एरवी खातं पडून असतं, अशा खात्यावर मॅन्डेट देण्याआधी हे तपासाच. काही सहकारी बँकांच्या खात्यांवर ई-मॅन्डेटची सोय नसते, तिथे कागदी फॉर्मच द्यावा लागतो. दुसऱ्या एखाद्या बँकेत चालू खातं असेल, तर मॅन्डेट तिकडून देणं जास्त सोपं पडतं.

आता डबल कटण्याबद्दल. फायनान्स कंपनी हप्त्याच्या तारखेच्या काही दिवस आधी वसुलीची यादी तयार करून आपल्या बँकेला देते. तुमचं मॅन्डेट २ तारखेला अ‍ॅक्टिव्ह झालं, तुमचं नाव यादीत गेलं आणि तुम्ही ४ ला स्वतः भरले, तर ५ ला पुन्हा कटू शकतात. म्हणून विचारायची ती एक गोष्ट अशी: ‘या महिन्याच्या वसुलीत माझा हप्ता लावलाय का? आणि मॅन्डेट नाही म्हणून माझा सिक्युरिटी चेक बँकेत टाकणार आहात का?’ गाडीच्या कर्जात कोरे चेक घेतलेले असतील, तर दुसरा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा आहे. उत्तर लेखी घ्या. ३ तारखेला ईमेल किंवा अ‍ॅपमधल्या तक्रार खिडकीत एवढं लिहिलं तरी पुरे:

```
कर्ज खाते क्र. ________
माझे मॅन्डेट आज ३ तारखेला पेंडिंग दिसत आहे.
५ तारखेचा हप्ता (रु. ३,४५०) वसुलीला लावला आहे का, ते कळवा.
लावला नसेल तर मी तो ऑनलाइन भरत आहे.
मॅन्डेट किंवा चेक पुन्हा लावू नये.
```

‘लावलेला नाही’ असं उत्तर आलं की ४ किंवा ५ तारखेला कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून किंवा वेबसाइटवरून भरा. ‘लावलाय’ असं उत्तर आलं तर भरू नका. ३,४५० च्या वर थोडी शिल्लक ठेवा आणि ५ तारखेला संध्याकाळी स्टेटमेंट बघा. उत्तरच आलं नाही, तर मी भरायचाच सल्ला देईन, पण खात्यात आणखी एक हप्ता राहील एवढी रक्कम ठेवून. डबल कटलेले पैसे दोन्ही व्यवहारांचे क्रमांक देऊन परत मागता येतात, राहून गेलेल्या हप्त्याची क्रेडिट रिपोर्टमधली नोंद मात्र सहज पुसली जात नाही. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती क्रेडिट कंपन्यांकडे निदान पंधरवड्याला एकदा जाते, त्यामुळे ‘महिनाअखेर भरून टाकू’ हा हिशोब आता चालत नाही.

भरताना पर्याय नीट निवडा. ‘हप्ता’ किंवा ‘थकीत रक्कम’ असेल तिथेच भरा. ‘पार्ट पेमेंट’ निवडलं तर रक्कम मुद्दलात जमा होते आणि ५ तारखेचा हप्ता बाकीच राहतो. शोरूममधल्या फायनान्सच्या मुलाकडे रोख देऊ नका किंवा त्याच्या वैयक्तिक क्रमांकावर पाठवू नका. पावतीवर कर्ज खाते क्रमांक दिसला पाहिजे.

समजा तारीख निघून गेली आणि खात्यावर ‘बाऊन्स चार्ज’ लागला, तर आधी बँकेचं स्टेटमेंट उघडा. मॅन्डेट नोंदलेलं नव्हतं, तर मागणी तुमच्या बँकेपर्यंत पोहोचलेलीच नसते. त्या दिवशी `ACH` किंवा `NACH` असा उल्लेख असलेली परतीची नोंद किंवा बँकेचा दंड नसेल, तर कंपनीला विचारा: कुठल्या तारखेला, कुठल्या यूएमआरएनवर मागणी लावली आणि ती कुठल्या कारणाने परत आली? हप्ता उशिरा भरल्याचा दंड वेगळा, तो करारानुसार लागू शकतो. पण १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ हा कर्जाचे सगळे आकार लिहिलेला कागद देणं बंधनकारक आहे, आणि त्यात न लिहिलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. त्या कागदात ‘मॅन्डेट नामंजुरी’चा आकार आहे का तेही पाहून ठेवा. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

सबस्क्रिप्शनच्या ऑटोपेला एवढं घाबरायचं कारण नाही. तिथे पहिलं डेबिट चुकलं तर सेवा थांबते, क्रेडिट रिपोर्टवर डाग पडत नाही. ते मॅन्डेट यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागात दिसतं, आणि तिथे अडकलेलं असेल तर रद्द करून नव्याने करणं हाच सरळ मार्ग.

तुमच्या बाबतीत आजच यूएमआरएन विचारा. मॅन्डेट अडकलेलं असेल, तर कागदी फॉर्मच्या मागे न लागता कंपनीकडून ई-मॅन्डेटची लिंक मागवा आणि जुना फॉर्म रद्द करायला सांगा, नाहीतर दोन्ही नोंदले जाऊन पुढच्या महिन्यात वेगळाच घोळ होईल.