तापाच्या दुसऱ्या दिवशी रक्ताच्या रिपोर्टात न्यूट्रोफिल ८१ टक्के का दिसतात

प्रश्न: मिस्टरांना (वय ४४) परवा संध्याकाळपासून १०२ ताप, प्रचंड अंगदुखी. स्वॅबमध्ये इन्फ्लुएन्झा एच३एन२ पॉझिटिव्ह. अँटीबॉडी तयार व्हायला आठवडा लागतो असं वाचलं, मग तोपर्यंत शरीरात लढतंय कोण? आणि आजच्या सीबीसीत पांढऱ्या पेशी ५,४००, न्यूट्रोफिल ८१, लिम्फोसाइट ११, सीआरपी २८. शेजारचे काका म्हणतात न्यूट्रोफिल वाढले म्हणजे बॅक्टेरिया, घरात उरलेलं अँटिबायोटिक चालू करा. करू का?

उत्तर:

ताई, घरातलं अँटिबायोटिक चालू करू नका. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं काम केलंय आणि पावसाळ्यात, फ्लूच्या हंगामात, अगदी असे रिपोर्ट रोज हाताखालून गेले आहेत. तुमचे दोन्ही प्रश्न खरं म्हणजे एकच आहेत, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या रिपोर्टातच छापलेलं आहे.

न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे पांढऱ्या पेशींचेच प्रकार, तेव्हा आधी टक्केवारी बाजूला ठेवून प्रत्यक्ष आकडे काढा. ५,४०० चे ८१ टक्के म्हणजे ४,३७४ न्यूट्रोफिल. मोठ्या माणसात साधारण २,००० ते ७,००० असतात. म्हणजे न्यूट्रोफिल वाढलेलेच नाहीत. आता लिम्फोसाइट बघा: ५,४०० चे ११ टक्के म्हणजे ५९४. त्या किमान हजारभर तरी असायला हव्यात. घरातली निम्मी माणसं गावाला गेली की उरलेल्यांचं प्रमाण आपोआप वाढतं, तसं झालंय. बदल न्यूट्रोफिलमध्ये नाही, लिम्फोसाइटमध्ये आहे. आणि त्या मेलेल्या नाहीत. बहुतेक लसिकाग्रंथींमध्ये थांबून राहिल्या आहेत. त्यांना तिथे थांबवून ठेवणाऱ्यांत एक महत्त्वाचा पदार्थ आहे इंटरफेरॉन. तुमच्या प्रश्नातला ‘लढतंय कोण’ तो मुख्यतः हाच.

फ्लूचा विषाणू नाकाच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशीत शिरतो आणि साधारण सहा ते आठ तासांत त्या पेशीतून नवे विषाणू बाहेर पडू लागतात. पेशीच्या आत मात्र पहारा असतो. आपल्या पेशीचे आरएनएचे संदेश बाहेर पडताना त्यांच्या टोकाला एक रासायनिक टोपी चढवलेली असते. विषाणूच्या आरएनएच्या टोकाला ती नसते, तिथे तीन फॉस्फेट उघडे असतात. ‘रिग-आय’ नावाचं प्रथिन ते उघडं टोक ओळखतं, आणि मग पेशी इंटरफेरॉन तयार करून बाहेर सोडते. याच्यासाठी आधी हा विषाणू भेटलेला असण्याची गरज नाही. म्हणून हिला जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात.

विषाणूलाही हे ‘माहीत’ आहे. त्याच्याकडे एनएस-१ नावाचं प्रथिन आहे, ज्याचं एक मोठं काम म्हणजे ही धोक्याची सूचना दाबून ठेवणं. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत जो एक ते चार दिवसांचा शांत काळ असतो, त्यात हीच ओढाताण चालू असते. मिस्टरांना परवा संध्याकाळी ताप आला, पण विषाणू त्याच्या साधारण दोन दिवस आधी आलेला असणार. म्हणजे तुमच्या हातातला रिपोर्ट लागणीच्या चौथ्या दिवसाच्या आसपासचा आहे.

इंटरफेरॉन विषाणूला मारत नाही, आणि ही गोष्ट बऱ्याच लेखांत चुकीची लिहिलेली असते. तो शेजारच्या पेशींना जाऊन चिकटतो आणि त्यांना तयारीत ठेवतो. लंडनच्या मिल हिलमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये हे दाखवलं. त्यांनी उष्णता देऊन निकामी केलेला फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्याच्या तुकड्यांवर ठेवला, मग त्या तुकड्यांभोवतीचं द्रव काढून ताज्या तुकड्यांवर घातलं. त्या ताज्या तुकड्यांवर जिवंत विषाणू नीट वाढेना. विषाणूच्या वाढीत अडथळा, इंग्रजीत इंटरफिअरन्स, आणणारा पदार्थ त्या द्रवात होता, म्हणून नाव इंटरफेरॉन.

सूचना मिळालेली शेजारची पेशी शेकडो जनुकं चालू करते. एक प्रथिन पेशीतली प्रथिननिर्मितीच थांबवतं, म्हणजे आत शिरलेल्या विषाणूला कारखाना बंद सापडतो. दुसरं आरएनए तोडून टाकतं. तिसरं, एमएक्स नावाचं, फ्लूच्या आरएनएभोवतीच्या प्रथिनांना अडकवून ठेवतं. एमएक्सची कथा मला फार आवडते. त्याच लिंडेनमान यांना १९६० च्या दशकात उंदरांचा एक वाण सापडला, जो फ्लूच्या मारक मात्रेलाही दाद देत नव्हता. त्याच्यात हे जनुक शाबूत होतं. प्रयोगशाळेतल्या बहुतेक उंदरांमध्ये ते बिघडलेलं असतं, म्हणून ‘उंदरात असं झालं’ अशी फ्लूची बातमी वाचताना थोडं थांबावं.

हे सगळं खरोखर काम करतं का, याचा पुरावा माणसांतच आहे. निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात फ्लूचा विषाणू घालून केलेल्या अभ्यासांत विषाणूचं प्रमाण साधारण दुसऱ्या दिवशी शिखर गाठतं आणि तिथून उतरायला लागतं. नव्या अँटीबॉडी तेव्हा आलेल्याही नसतात. आजाराची लक्षणं मात्र तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतात. म्हणजे माणूस सर्वांत वाईट अवस्थेत असतो तेव्हा विषाणू आधीच माघारी वळलेला असतो. (विषाणूला धरण्याजोग्या पेशी संपत जातात, हेही उताराचं एक कारण मानतात. पण ते एकटं पुरत नाही.)

मग त्रास कशाचा? मोठ्या प्रमाणात या प्रतिसादाचाच. पूर्वी हिपॅटायटिस ‘सी’च्या रुग्णांना महिनोन्‌महिने इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. त्यातल्या कित्येकांचे रक्तनमुने मी तपासले आहेत. इंजेक्शन घेतलं की काही तासांत थंडी, ताप, हाडं मोडल्यासारखी अंगदुखी, आणि शरीरात फ्लूचा एकही विषाणू नाही. मिस्टरांना आत्ता जे होतंय ते बव्हंशी हेच. इंटरफेरॉनसोबत आयएल-१, आयएल-६ असे दाहाचे इतर निरोपही रक्तात जातात. मेंदूतल्या तापमानकेंद्रात त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि ताप चढतो. पॅरासिटामॉल तिथेच काम करतं. आयएल-६ यकृतात पोचलं की यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवतं. तुमचा २८ तिथून आला. नुसत्या फ्लूमध्ये इतका सीआरपी मी असंख्य वेळा पाहिलाय. तो शंभराच्या पुढे गेला असता तर तुमच्या डॉक्टरांनी बॅक्टेरियाचा विचार जास्त गांभीर्याने केला असता.

आता काकांच्या न्यूट्रोफिलकडे येऊ. न्यूट्रोफिल म्हणजे फक्त बॅक्टेरिया, हे समीकरण अर्धवट आहे. अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते. रक्तात ते जेमतेम काही तास फिरतात. बाधित अस्तरातून आयएल-८ हा बोलावण्याचा निरोप सुटला की ते रक्तवाहिनीच्या भिंतीवरून घरंगळत येतात, चिकटतात आणि फटीतून ऊतीत उतरतात. विषाणूच्या संसर्गातही पहिल्या एक-दोन दिवसांत पोचणाऱ्या पेशींत ते असतात. मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात, आणि स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. हे जाळं २००४ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालं. फ्लू झालेल्या उंदरांतले न्यूट्रोफिल पूर्ण काढून टाकले तर आजार वाढतो, तेव्हा त्यांचा उपयोग नक्की आहे.

पण ते अचूक मारणारे नाहीत. त्यांची विकरं आणि ती जाळी विषाणू आणि फुप्फुसाची नाजूक भिंत यांत फरक करत नाहीत. नाकाघशात हे खपून जातं. वायुकोशांत गर्दी झाली तर भिंत झिरपते, पाणी भरतं आणि रक्तातला ऑक्सिजन उतरतो. गंभीर फ्लू न्यूमोनियात नेमकं हे घडतं. बहुतेक वेळा तिथे सुरुवातीचा इंटरफेरॉन कमी किंवा उशिरा आलेला असतो, विषाणू खाली उतरलेला असतो, आणि मग दाहाचा जोर वाढतो. फ्रान्समधल्या एका लहान मुलीला फ्लूने जिवावर बेतलं होतं. तिच्यात इंटरफेरॉन वाढवणारं आयआरएफ-७ हे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलंच आलेलं निघालं, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. कोविडच्या काळातही तेच दिसलं. जीवघेणा आजार झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या.

काकांची भीती अगदीच निराधार नाही, फक्त तिची वेळ चुकली आहे. फ्लूनंतर बॅक्टेरियाचा न्यूमोनिया खरोखर होतो. १९१८ च्या साथीतले बहुतेक मृत्यू त्यानेच झाले असं जतन केलेल्या फुप्फुसांच्या तपासणीतून दिसतं. त्याचं एक कारण इंटरफेरॉनमध्येच आहे. उंदरांत असं दिसलंय की विषाणूसाठी उठलेला इंटरफेरॉन न्यूट्रोफिलना बोलावणारे निरोप कमी करतो, त्यामुळे त्याच वेळी न्यूमोकोकस हा बॅक्टेरिया आला तर त्याला अडवायला पुरेसे न्यूट्रोफिल पोचत नाहीत. पण हे सहसा आजाराच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा त्यानंतर होतं, आणि त्याची खूण ठळक असते: माणूस दोन दिवस बरा वाटतो, ताप उतरतो, आणि मग पुन्हा चढतो, सोबत छातीत दुखणं आणि घट्ट, पिवळा किंवा गंजासारखा कफ. त्या वेळच्या सीबीसीत एकूण पांढऱ्या पेशीच बारा-पंधरा हजारांवर गेलेल्या दिसतात, नुसती टक्केवारी नाही. अर्थात एका सीबीसीवरून बॅक्टेरिया आहे किंवा नाही हे कोणीही ठामपणे सांगू शकत नाही. रुग्ण बघूनच ठरतं.

म्हणून आत्ता करायचं ते एवढंच. डॉक्टरांना आजच ऑसेल्टामिव्हिर या फ्लूच्या विषाणूवरच्या औषधाबद्दल विचारा. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त, आणि तुमची ती वेळ आज संध्याकाळीच संपते. घरात ऑक्सिमीटर असेल तर दिवसातून तीन-चार वेळा बघा. ९४ च्या खाली गेला, बसल्या जागी धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं किंवा उतरलेला ताप परत चढला, तर रिपोर्टाची वाट न बघता दवाखान्यात न्या.

पाचव्या-सातव्या दिवसाकडे टी पेशी आणि पहिल्या अँटीबॉडी कामाला लागतात, आणि लसिकाग्रंथींमध्ये अडकलेल्या लिम्फोसाइट रक्तात परततात. तेव्हा सीबीसी केला तर आजचा ११ चा आकडा पुष्कळ वर आलेला दिसेल. ताप गेला आणि भूक लागली असेल तर तो परत करायचीही गरज नाही.