रिकामा नॉनस्टिक पॅन मोठ्या गॅसवर राहिला तर काय होतं?

प्रश्न: "नॉनस्टिक पॅन मोठ्या गॅसवर ठेवला आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. सात-आठ मिनिटं तो रिकामाच तापत होता. आत आले तर उग्र वास होता. पॅन आता वापरू का टाकू? घरात लव्हबर्ड्स आहेत, त्यांना काही होईल का? आणि असा पॅन किती तापवायचा असतो?"

ताई, आधी पक्ष्यांचं बघा. पिंजरा अजून त्याच घरात असेल तर लगेच बाल्कनीत किंवा शेजारी हलवा आणि सगळ्या खिडक्या उघडा. आपल्या नाशिकला थंडीत सकाळी खिडक्या बंदच असतात, आणि हल्लीच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर नि हॉल यांच्यात दारही नसतं. त्यामुळे वाफ थेट पिंजऱ्यापर्यंत पोचते. पक्ष्यांची फुप्फुसं हवेतलं सगळं फार पटकन शोषतात, म्हणून माणसाला जाणवणारही नाही एवढ्या वाफेनं पक्षी दगावू शकतो. चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील, पिसं फुगवून तळाशी बसले असतील, तर वाट न बघता पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तुम्हाला स्वतःला काही तासांनी थंडी वाजून ताप आला, छाती जड वाटली, तर डॉक्टरांना पॅनचं आवर्जून सांगा. असा ताप फ्लूसारखाच दिसतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण कारण माहीत नसेल तर निदान चुकतं. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर मात्र थांबू नका.

मी सातपूरला कोटिंगच्या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून पॅनच्या आत काय झालं ते सांगू शकतो. त्या काळ्या थराला पीटीएफई म्हणतात. रोजच्या वापरात २६० अंश सेल्सिअस ही त्याची मर्यादा. ३२७ अंशांना तो वितळतो, आणि साधारण ३५०च्या पुढे त्याचे रेणू तुटून विषारी वायू सुटायला लागतात. कारखान्यात हाच थर ४०० अंशांच्या वर भट्टीत भाजला जातो हे ऐकून लोक चकित होतात. पण तिथे तो काही मिनिटंच असतो, त्याचे कण वितळून एकसंध पापुद्रा व्हावा एवढ्यापुरता, आणि वाफ ओढून घेणारे पंखे सतत चालू असतात. तुमच्या ओट्यावर यातलं काही नसतं.

आता २६० अंश गाठायला किती वेळ लागतो? माझ्या घरचा पॅन ६०० ग्रॅम ॲल्युमिनियमचा आहे. एवढं ॲल्युमिनियम एका अंशानं तापवायला सुमारे ५४० ज्यूल लागतात. २५ वरून २६० म्हणजे २३५ अंश, एकूण सव्वा लाख ज्यूलच्या आसपास. मोठा बर्नर पूर्ण उघडला आणि त्यातली सेकंदाला हजार ज्यूल उष्णता पॅनमध्ये उतरली, तर हिशेब दोन मिनिटांवर येतो. काही उष्णता हवेत जाते, म्हणून तीन धरा. तुमचा पॅन सात-आठ मिनिटं होता, म्हणजे तो मर्यादा बराच ओलांडून गेला असणार.

त्याच पॅनमध्ये अर्धा लिटर पाणी असतं तर सगळं पाणी आटायलाच वीसेक मिनिटं लागली असती, आणि तोवर तळ शंभराच्या फार वर गेला नसता. भाजी असो, धिरडं असो, त्यातलं पाणी उष्णता खात राहतं. रिकाम्या पॅनमध्ये ती खायला काहीच नसतं, सगळी उष्णता धातूतच साठते. तेलही नसल्यामुळे धूर होत नाही आणि पॅन तापलाय हे डोळ्यांना कळत नाही. उग्र वास येईपर्यंत मर्यादा मागे पडलेली असते.

आपल्याकडे ही चूक सवयीनं होते. बिडाचा तवा आपण मोठ्या आचेवर खूप तापवतो, पाण्याचा हबका मारतो, थेंब नाचले की पीठ सोडतो. हात तोच, पण पॅन वेगळा. आणि थेंबांची खूण इथे फसवते, कारण नॉनस्टिकवर पाणी मुळातच पसरत नाही, थेंब गारच पॅनवरही गोळा होऊन घरंगळतात. शिवाय फार तापलेल्या पॅनवर एकदम थंड पाणी पडलं की तळ वाकतो. मग पॅन शेगडीवर डुगडुगतो आणि तेल एका बाजूला जमा होतं.

मी असं करतो. गार पॅनमध्येच चमचाभर तेल घालून पसरवतो, मगच मध्यम किंवा बारीक आचेवर ठेवतो. मिनिट-दीड मिनिटात पॅन तिरका केला की तेल पाण्यासारखं धावतं, मग दोन-चार मोहऱ्या टाकतो. त्या तडतडल्या की पॅन तयार. रिफाइंड शेंगदाणा तेल साधारण २३० अंशांना धूर सोडायला लागतं, म्हणजे तेलाचा धूर दिसला की २६० जवळ आलंच. तेव्हा गॅस बंद करायचा आणि पॅन तिथेच गार होऊ द्यायचा. भाकरी मात्र नॉनस्टिकवर करूच नये. तिला मोठी आच आणि कोरडा तवा लागतो, नेमकं हेच दोन्ही या थराला चालत नाही.

डब्यावर "पीएफओए-मुक्त" लिहिलंय म्हणून हा पॅन जास्त उष्णता सोसेल, असं समजू नका. पीएफओए हे थर बनवताना वापरलं जाणारं रसायन होतं. ते वगळल्यानं पीटीएफईची मर्यादा एका अंशानंही वाढत नाही.

आता तुमच्या पॅनचं. पूर्ण गार झाल्यावर मऊ स्पंजनं धुवा, पुसा आणि खिडकीशी उन्हात तिरका धरून बघा. मधल्या भागाची चकाकी गेली असेल, रंग पिवळसर-तपकिरी झाला असेल, बोटाला खरखरीत लागत असेल किंवा बारीक फोड आले असतील, तर तो थर जळालाय. तो पॅन टाकून द्या. आधी कधी एखादा पापुद्रा पोटात गेला असेल तर त्याची काळजी करू नका, तो न पचता बाहेर पडतो. त्रास जळताना सुटणाऱ्या वाफेचा असतो.

वरून काहीच दिसत नसेल तर खिडक्या उघड्या ठेवून, पक्षी दूर ठेवून, वरच्यासारखा बारीक आचेवर पॅन तापवा आणि थोड्या तेलात एक धिरडं घाला. कडा सुटल्या पण मधोमध चिकटलं, तर ज्योत लागते तिथला थर गेलेला आहे, म्हणजे तोही पॅन टाकायचाच. सगळीकडून अलगद सुटलं आणि वास आला नाही, तर वापरा, मोठ्या गॅसवर मात्र पुन्हा ठेवू नका.